पुढच्या होडीचे धागे

लोकरीचे धागे बदलायचं काम माझं. दर वर्षी दिवाळी झाली की दादाच्या गॅलरीत होडीचं पुढचं शीड पसरायचं, गेल्या वर्षीचे विरलेले धागे उपटायचे, जाड सुईने नवे ओवायचे, आणि कापडाच्या दोन्ही अंगांना गाठ मारून वीतभर शेपूट सोडायचं. वहिनी दारात उभी राहून म्हणायची, "कोणी बघितलं तर म्हणेल, या घरात पतंगाला स्वेटर विणतात." मी म्हणायची, "बघू देत." आमच्या घरात होडीची थट्टा करायचा हक्क फक्त वहिनीला होता, कारण त्या होडीपायी तिच्या हॉलमध्ये दोन वर्षं प्लायवूड उभं होतं.

त्या वर्षी मात्र वहिनी थट्टा करायला आली नव्हती. गॅलरीचं दार तिने मागून ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी शिडावरच बसली.

"वन्सं, तुमच्या दादाला दिसत नाही नीट," ती म्हणाली. "नवा चष्मा झाला, त्याच्यावर आणखी नवा झाला. परवा दाराच्या चौकटीला खांदा आपटला आणि चौकटीलाच शिव्या घातल्या. विचारलं की अंगावर येतात. आता म्हणतात, पुढच्या रविवारी पोरीला एकटीला होडीतून नेणार. तुम्ही आधी एकदा जाऊन या त्यांच्याबरोबर. आणि मला खरं सांगा. दिसत नसेल तर मी ती होडी विकायला लावीन. रडतील, पण पोरीपेक्षा होडी मोठी नाही."

दादा ड्राफ्ट्समन. तळोज्याच्या एका कारखान्यात टेबलावर वाकून तो केसासारख्या रेघा मारायचा. डोळे गेले तर नोकरी गेली, हे आम्हा दोघींना न बोलता कळत होतं. पण नोकरी गेली असती तरी तो कसाबसा जगला असता. होडी गेल्यावर काय झालं असतं, हे मात्र मला सांगता आलं नसतं. "बघते मी," एवढंच मी म्हणाले. मनात आलं, बाई गं, हे कुठलं लचांड गळ्यात मारलंस माझ्या.

होडी चौदा फुटी. दोन शिडं, एक सुकाणू आणि तळातून खाली सोडायची एक फळी. मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, तो आत-बाहेर करायची जी दोरी, तिला शीट म्हणतात. ती शीट खाली ज्या कप्पीला बांधलेली असते, ती कप्पी होडीच्या रुंदीभर टाकलेल्या एका पट्टीवर इकडून तिकडे सरकते. त्या सरकत्या प्रकाराचं नाव ट्रॅव्हलर. शीट ओढली की बूम आतही येते आणि खालीही दाबली जाते, त्यामुळे शिडाची मागची कड ताठ होते. ट्रॅव्हलर सरकवला की कड तशीच राहते, फक्त सगळं शीड वाऱ्याकडे येतं किंवा वाऱ्यापासून दूर जातं. एवढं कळायला मला दोन हिवाळे लागले, आणि त्या दोन हिवाळ्यांत दादाने माझा जेवढा उद्धार केला तेवढा आमच्या आईनेही कधी केला नसेल.

धागे कशाला, तर वारा दिसत नाही म्हणून. आम्ही बसायचो वाऱ्याच्या बाजूला. आमच्या बाजूचा धागा तो अलीकडचा. कापडापलीकडचा दिसावा म्हणून तिथे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवून घेतली होती. दोन्ही धागे सरळ मागे वाहिले की वारा शिडाच्या दोन्ही अंगांनी नीट जातोय, होडीला पूर्ण वेग आहे. अलीकडचा फडफडला की होडीचं नाक वाऱ्यात फार घुसलंय, किंवा शीड सैल आहे. पलीकडचा गरगरला की शीड गळा दाबल्यासारखं घट्ट झालंय, दोरी सोडा. मोठ्या शिडाच्या मागच्या कडेला आम्ही बिघडलेल्या कॅसेटची टेप लावली होती. ती शिडामागे जाऊन लपली की मोठी शीट जास्त ओढलीय असं समजायचं.

दादाची शिकवायची एक रीत होती. तो स्वतः कधी सांगायचा नाही, विचारायचा. "अलीकडचा काय म्हणतो?" मी सांगायचं. "मग काय करशील?" मी सांगायचं. चुकले की, "शाबास! बुडवा!" पंधरा वर्षं होडीवर हीच प्रश्नोत्तरं चालत आली होती. त्यामुळे पोरीला न्यायच्या आधीच्या रविवारी मी गेले, तेव्हाही तो विचारत होता आणि मी सांगत होते, यात मला काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं.

सकाळी आम्ही खाडीकाठच्या गावात पोचलो. होडी तिथे एका घराच्या परसात असायची. धुकं असं होतं की समोरची तिवरंसुद्धा पुसट झाली होती. एरवी धक्क्यावरून कर्नाळ्याचा सुळका स्पष्ट दिसायचा. त्या दिवशी ती सगळी बाजूच नव्हती. त्या घरची कोळीण पाटी घासत बसली होती. तिने आमच्याकडे वर-खाली पाहिलं.

"दादा, आज कशाला जाताव? आमची एकपन होडी गेली नाय. मतलई बी धड नाय हाय."

"येईल वारा. भरती आहे, ती उतरायच्या आत परत येतो," दादा म्हणाला, आणि होडी पाण्यात लोटली. लोटताना त्याचा पाय धक्क्याच्या कडेवर बरोबर पडला. शीट त्याने न चाचपडता उचलली. मी मनात वहिनीला म्हटलं, उगाच घाबरवलंस की मला.

मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा सकाळचा वारा, पाठीवर घेऊन आम्ही खाडीच्या तोंडाकडे निघालो. खाली भरती आमच्या विरुद्ध, वर वारा आमच्या बाजूचा. बाहेर रुंद पाण्यात जायचं, वळायचं, आणि येताना वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढत, भरतीची मदत घेत घरी यायचं, हा नेहमीचा बेत. धुक्यात आवाज विचित्र होतात. कुठेतरी कुत्रा भुंकला तो अगदी कानाशी, आणि दादा खोकला तो लांबून आल्यासारखा. मिठागराचा बांध जवळून गेला, पण दिसला नाही, त्याचा फक्त कुबट खारा वास आला.

वळलो. मी पुढच्या शिडाची दोरी, तीही शीटच, ओढून घेतली.

"अलीकडचा काय म्हणतो?"

"फडफडतोय."

त्याने सुकाणू केसभर ओढलं. होडीचं नाक वाऱ्यापासून जरा उतरलं. धागा शांत झाला.

"पलीकडचा?"

"सरळ. टेप लपलीय पण."

"मग काय करू?"

"मोठी शीट थोडी सोड. बूम बाहेर जाईल, म्हणून ट्रॅव्हलर आपल्याकडे घे."

"आलं हो ज्ञान!" तो म्हणाला आणि तेवढंच केलं. वारा कमी असला की हेच करायचं असतं. शीट सैल, म्हणजे शिडाची कड मोकळी, आणि ट्रॅव्हलर वर, म्हणजे बूम मधोमध. टेप बाहेर आली, वाहू लागली. तळाखालून पाण्याचा तो बारीक कुजबुजता आवाज सुरू झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, हा माणूस आंधळा होतोय हे माझ्या मनात भरवल्याबद्दल मला वहिनीचा रागसुद्धा आला.

तेवढ्यात दादा हलक्या आवाजात म्हणाला, "ती बघ. आलीच."

"कोण?"

"होडी. पुढे, जरा डावीकडे. आपल्यासारखीच आहे."

मी बघितलं. राखाडी धुकं, खाली राखाडी पाणी. "कुठे?"

"अगं ती काय! पांढरं शीड. तुझं लक्ष कुठे असतं?"

मी डोळे ताणले. डोळे ताणले की धुक्यात काहीही दिसतं. क्षणभर मलाही एक पांढरा त्रिकोण दिसल्यासारखा वाटला आणि विरघळला. कोळीण म्हणाली होती, एकही होडी गेली नाही. पण कोणी बेलापूरहून आलं असेल, म्हटलं. हौशी माणसं काय आमच्याच घरात होती?

"पकडू या तिला," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम तरुण झाला होता.

मग वारा वाढला. वाढला की उलटं करायचं. दादाने मोठी शीट ओढून शिडाची कड ताठ केली आणि ट्रॅव्हलर खाली, वाऱ्याच्या पलीकडे सोडला. झोत आला की होडी कलंडायला बघायची, तो ट्रॅव्हलर हातभर सोडायचा, होडी कलंडायच्या ऐवजी पुढे झेपावायची. झोत गेला की पुन्हा वर. मी होडीच्या काठावर बसून मागे झुकले होते आणि ओरडून सांगत होते, "अलीकडचा उचलतोय... सरळ... दोन्ही सरळ!" इतक्या वेगात आमची होडी मी कधीच पाहिली नव्हती. नाकावरून पाणी उडत होतं. आणि आमच्यापुढे, दादाच्या म्हणण्याप्रमाणे, तेवढंच अंतर ठेवून ती दुसरी.

"मस्त लावलंय शीड बेट्याने," दादा म्हणाला. "धागे बघ तिचे. हिरवा, तांबडा, दोन्ही कसे आखल्यासारखे. एक केस हलत नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

वीतभर लोकरीचा धागा. धुक्यात. एवढ्या लांबच्या होडीवरचा. गरुडालासुद्धा दिसला नसता. आणि तिच्यावर बसलेलं माणूस कसलं आहे, बाई की बुवा, याबद्दल दादा चकार शब्द बोलत नव्हता.

"कोण आहे रे तिच्यात?"

"कोणी दिसत नाही," तो सहज म्हणाला. "होडीच दिसते."

मला तिथून उठून पळायचं होतं, आणि होडीत पळणार कुठे? मी पुढे सरकले. पुढच्या शिडाचा सगळ्यात खालचा धागा हाताला येतो. मी तो अलीकडचा धागा मुठीत घेतला, चुरगाळून धरला आणि हात तसाच दादाच्या नजरेसमोर ठेवला.

"दादा, तू सांग आता. आपला अलीकडचा काय म्हणतो? खालचा?"

त्याने मान वळवली. बरोबर माझ्या मुठीकडे बघितलं.

"सरळ आहे," तो म्हणाला. "दोन्ही सरळ. का गं?"

मी मूठ सोडली.  मग सकाळपासूनचं सगळं उलगडत गेलं. तो विचारत होता ते मला शिकवण्यासाठी नव्हतं. गालावरचा वारा, मांडीखालचा कल, सुकाणूचा ताण आणि माझं तोंड, एवढ्यावर तो होडी चालवत होता. कदाचित गेल्या हिवाळ्यातसुद्धा. आणि मी तेव्हाही मोठ्या तोऱ्यात उत्तरं देत होते.

"उजवीकडे वळली ती," तो म्हणाला आणि सुकाणू ढकललं. "ती गेली तिथून, म्हणजे पाणी आहे तिकडे."

मी पुढे बघितलं. धुक्यातून काळे उभे खुंट येत होते. जाळी बांधायचे, माणसाहून उंच, शेवाळलेले, ओळीने. आम्ही पूर्ण वेगात त्यांच्यावर चाललो होतो.

"दादा, खुंट! वळव! वळव, मेल्या!"

"कुठे?"

सांगायला वेळ नव्हता. मी मागे झेप घेतली, त्याच्या हातावरून सुकाणूचा दांडा पकडला आणि पलीकडे लोटला. होडी वाऱ्यात शिरली. शिडं बंदुकीसारखी वाजली, बूम आमच्या डोक्यावरून गेली. एक खुंट मागून इतक्या जवळून गेला की त्याच्यावरचे शिंपले मला दिसले. दोन खुंटांच्या मध्ये जाळ्याचा दोर पाण्यात ताणलेला होता. त्यात अडकून आमचं काय झालं असतं याचा विचार मी घरी जाऊन केला.

मी शिडं सोडून दिली. होडी नुसती डुलत उभी राहिली. मला प्रचंड राग आला होता. राग आला की मला रडू येतं, ही माझी जुनी खोड.

"तिथे होडी नाही, दादा," मी ओरडले. "कुठलीच नाही! सकाळपासून नाही! तुला खुंट दिसले नाहीत, माझी मूठ दिसली नाही, आणि तुला धागे दिसतात?"

 चष्मा काढून त्याने तो शर्टाला पुसला आणि न घालता खिशात ठेवला.

"दिवाळीच्या आधीपासून दिसते ती," तो म्हणाला. "मधलं सगळं पुसलं जातंय गं. तुझ्याकडे बघितलं की तुझं तोंडच जातं, कान दिसतात. आणि ती मात्र लख्ख. टेबलावर कागद दिसत नाही, तिच्या शिडाची शिवण दिसते. मला वाटलं, खूळ लागलं की काय. म्हणून तुला आणलं आज. म्हटलं, तुला दिसली तर ती आहे."

मी वहिनीसाठी त्याची परीक्षा घ्यायला आले होते. तो आपल्यासाठी माझी घेत होता. दोघांचाही निकाल एकच लागला, आणि तो दोघांनाही नको होता. मी त्याचा हात धरला. हात गार पडला होता.

"घाबरलास होय रे?" मी विचारलं.

"फार," तो म्हणाला.

जागा बदलल्या. सुकाणू मी घेतलं. शीट आणि ट्रॅव्हलर त्याच्याकडे. पाणी उतरायला लागलं होतं, आणि खाडी आटली की घोटाभर नाही, मांडीभर चिखल. वेग हवाच होता. मी धागे वाचत गेले, "उचलतोय... सरळ... टेप लपली," आणि तो ऐकून शीट बोटभर सोडत गेला, ट्रॅव्हलर आपल्याकडे घेत गेला. एकदाही चुकला नाही. धक्क्याची कड धुक्यातून बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला सगळं खरं सांग. आणि आज होडी किती जोरात गेली, तेही खरंच आहे. तेही सांग."

मी दोन्ही सांगितलं. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ नुसता चालू होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, थांबवता येणार नाही. होडीबद्दल विचारल्यावर ते हसले नाहीत. डोळा दाखवेनासा झाला की मेंदू रिकाम्या जागी आपलं आपण चित्र काढतो, खूळ नव्हे ते, असं त्यांनी समजावलं. दादा त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवला.

नोकरी गेली. होडी वहिनीने विकली नाही. तिची अट एकच, सुकाणू माझं आणि पोरगी मध्ये बसणार. पोरगी पुढच्या शिडाची शीट सांभाळायची, मी धागे वाचायची, दादा ऐकायचा. अधूनमधून मी विचारायची, "आहे का रे ती?" तो म्हणायचा, "आहे. पुढेच आहे." "धागे?" "सरळ." मग आम्ही सगळे तिला पकडायच्या मागे लागायचो. पहिल्या दिवशी अंगावर काटा आणलेली ती होडी आमच्या घरचीच झाली होती. तरी ती उजवीकडे वळली असं तो म्हणाला की मी मुकाट्याने तिकडे खुंट नाहीत ना ते बघून घ्यायची.

असे चार-पाच हिवाळे गेले असतील. एका सकाळी, आकाश स्वच्छ, कर्नाळ्याचा सुळका समोर, वारा छान, आणि दादाचा हात शीटवर नुसता पडून होता. होडी रेंगाळत होती.

"शीट सांभाळ की," मी म्हटलं. "काय झालं?"

तो पुढे तोंड करून बसला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"दिसत नाही गं आज," तो म्हणाला. "गेले कितीतरी दिवस नाही. म्हटलं, पाण्यावर आल्यावर दिसेल. आता काहीच नाही."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी पुढे बघितलं. समोर उघडं, लखलखीत, रिकामं पाणी होतं, पार तिवरांपर्यंत. आयुष्यभर त्या माणसाला मी धागे खरे सांगत आले होते.

"आहे, दादा," मी म्हणाले. "पुढेच आहे, जरा डावीकडे. दोन्ही सरळ आहेत तिचे. आपली टेप लपलीय, म्हणून मागे पडलोय."

त्याने डोळे पुसले. मग शीट बोटभर सोडली आणि ट्रॅव्हलर आपल्याकडे ओढून घेतला.